पिशवीवरची तारीख

रुग्णालयाच्या आवारात ‘किरणोत्सर्गी कचरा’ अशी पाटी दिसली की शेजारच्या सोसायटीतून पहिला प्रश्न येतो तो असा, की हा कचरा इथे का ठेवला आहे, तो ताबडतोब गावाबाहेर का नेत नाहीत. प्रश्न स्वाभाविक आहे, आणि विचारणाऱ्याला अडाणी ठरवून तो झटकून टाकणे योग्य नाही. परंतु रुग्णालयांत विकिरण सुरक्षेचे काम करताना माझे मत याच्या नेमके उलट बनत गेले. रुग्णालयात तयार होणारा बहुतेक किरणोत्सर्गी कचरा जिथे तयार झाला तिथेच, नीट वेगळा करून, काही दिवस किंवा काही आठवडे ठेवणे हीच त्याची सर्वांत सुरक्षित विल्हेवाट आहे. ज्या वस्तूंची खरोखर धास्ती घ्यायला हवी त्या पाटी लावलेल्या खोलीत सहसा नसतात. त्या कुठल्यातरी जुन्या प्रयोगशाळेच्या किंवा बंद पडलेल्या कारखान्याच्या कोपऱ्यात विसरल्या गेलेल्या असतात.

हे समजण्यासाठी एकच कल्पना पक्की असावी लागते, ती म्हणजे अर्धायुष्य. किरणोत्सर्गी द्रव्याची निम्मी तीव्रता जितक्या काळात संपते, तो त्याचा अर्धायुष्याचा काळ. हाडांच्या किंवा हृदयाच्या स्कॅनसाठी वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य ६ तासांचे आहे, तर थायरॉइडच्या उपचारात दिल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१चे सुमारे ८ दिवसांचे. दहा अर्धायुष्ये उलटली की मूळ तीव्रतेचा साधारण हजारावा भाग उरतो, म्हणजे टेक्नेशियमला अडीच दिवस पुरतात आणि आयोडीनला ८० दिवस लागतात. हा क्षय उष्णतेने, रसायनाने किंवा जाळल्याने वेगवान होत नाही आणि थंडीने मंदावतही नाही. जाळल्यास आयोडीन धुरावाटे हवेत जाईल, इतकाच फरक पडेल. म्हणून अल्पायुषी कचऱ्यावर करण्याजोगी खरी प्रक्रिया एकच उरते, ती म्हणजे थांबणे. आणि किती थांबायचे हे कळण्यासाठी पिशवीत काय आहे ते ठाऊक असावे लागते.

न्यूक्लिअर मेडिसिन विभागात इंजेक्शन देऊन झाले की सुई वेगळ्या, न टोचणाऱ्या जाड डब्यात जाते, आणि सिरिंज, हातमोजे, कापसाचे बोळे हे पायाने उघडणाऱ्या झाकणाच्या, आत शिशाचा पत्रा बसवलेल्या डब्यातील पिशवीत जातात. टेक्नेशियमचा डबा वेगळा, आयोडीनचा वेगळा. पिशवी भरली की तिचे तोंड बांधून तिच्यावर समस्थानिकाचे नाव, पिशवी बंद केल्याची तारीख, पृष्ठभागाजवळ विकिरण मोजणाऱ्या सर्व्हे मीटरने दाखवलेला आकडा आणि बंद करणाऱ्याची सही असलेले लेबल लागते, आणि हीच नोंद वहीत होते. मग ती कचरा साठवण्याच्या खोलीत, आपल्या समस्थानिकाच्या फळीवर जाते. मुदत संपल्यावर ती पुन्हा मोजतात, आकडा परिसरात नेहमी असणाऱ्या विकिरणाच्या नैसर्गिक पातळीइतका आढळला तर तिच्यावरचे किरणोत्सर्गाचे तीन पात्यांचे चिन्ह खोडून किंवा फाडून काढतात, आणि त्यानंतर ती इतर जैववैद्यकीय कचऱ्याबरोबर, त्या कचऱ्याच्या रंगाच्या पिशवीतून जाते. चिन्ह काढणे हा उपचार नव्हे. ते तसेच राहिले तर पुढे कचरा हाताळणारा माणूस निष्कारण घाबरतो. आणि निरुपद्रवी पिशव्यांवर हे चिन्ह वारंवार दिसू लागले की एके दिवशी खऱ्या चिन्हाकडेही दुर्लक्ष करायला शिकतो.

वेगळे करण्यात चूक झाली तर काय होते, हे मी एकदा जवळून पाहिले आहे. शुक्रवारी संध्याकाळी बंद केलेली टेक्नेशियमची एक पिशवी सोमवारी सकाळी काढायची होती. मधल्या ६० हून अधिक तासांत ती शांत व्हायला हवी होती, पण सर्व्हे मीटरवर ताशी २.१ मायक्रोसिव्हर्ट असा आकडा आला, जेव्हा त्या जागेची नैसर्गिक पातळी ०.१ होती. एखाद्याने मीटर बिघडला असे म्हटले असते. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले, तेव्हा आकडा १.९ होता. टेक्नेशियम असते तर चोवीस तासांत तीव्रता सोळाव्या भागावर आली असती. इथे ती जेमतेम दहा टक्क्यांनी उतरली होती, आणि इतक्या संथपणे उतरण्याची सवय या विभागातल्या नेहमीच्या द्रव्यांपैकी आयोडीन-१३१ची आहे. पुढच्या मंगळवारी आकडा १.१ वर आला, म्हणजे नैसर्गिक पातळी वजा केल्यास पहिल्या सोमवारच्या बरोबर निम्मा, आणि शंका उरली नाही. आयोडीनची कुपी पुसलेला एकच बोळा चुकीच्या डब्यात पडला होता. पिशवी उघडून तो शोधत बसणे हे त्यातल्या रक्ताळलेल्या कापसामुळे आणि हाताला लागू शकणाऱ्या द्रव्यामुळे अधिक धोक्याचे होते, म्हणून ती अख्खी पिशवी आयोडीनच्या फळीवर गेली आणि अडीच दिवसांऐवजी अडीच महिने थांबली. पिशवीचे आयुष्य तिच्यातला सर्वांत दीर्घायुषी तुकडा ठरवतो. म्हणूनच नंतर बसून वेगळे करण्याची कल्पना या क्षेत्रात चालत नाही. हात कचऱ्यावर असतो त्याच क्षणी वेगळे करावे लागते.

या प्रसंगात एक बारकावा होता, जो नव्या कर्मचाऱ्यांकडून हमखास सुटतो. पिशवी साठवणीच्या खोलीतच मोजली तर शेजारच्या पिशव्यांचे विकिरणही मीटरमध्ये येते, आणि शांत झालेली पिशवी तापलेली वाटते. उलट त्या खोलीतली वाढलेली पातळीच नैसर्गिक मानून ती वजा केली, तर थोडीशी तापलेली पिशवी शांत ठरून बाहेर जाते. म्हणून मोजायची पिशवी खोलीबाहेर, दूरच्या जागी आणून मोजावी, आणि मीटरचे प्रमाणीकरण झाल्याचा दाखला चालू मुदतीचा असावा. दहा अर्धायुष्ये ही सोयीची मोजपट्टी आहे. पिशवी सोडायची की नाही हे शेवटी मीटर ठरवतो.

थांबण्याला एक अडचणही आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार शरीराचे अवशेष आणि रक्तापुवाने माखलेला कचरा प्रक्रिया न करता ४८ तासांपलीकडे ठेवता येत नाही. किरणोत्सर्गी कचऱ्याला ते नियम लागू नाहीत, त्याच्यासाठी अणुऊर्जा कायद्याखालचे १९८७ चे स्वतंत्र नियम आहेत, त्यामुळे कायद्यात विरोध नाही. पण जंतूंना कायद्याचा हा भेद कळत नाही, आणि आयोडीन दिलेल्या रुग्णाचा माखलेला कपडा अडीच महिने बंद खोलीत ठेवला तर तिथे दुर्गंधी आणि संसर्ग दोन्ही वाढतात. यावर उपाय डीप फ्रीझरचा आहे, कारण थंडीने कुजणे थांबते आणि क्षय मात्र आपल्या गतीने चालू राहतो. नवा विभाग उभारताना स्कॅनच्या कोट्यवधींच्या कॅमेऱ्याची जागा आराखड्यात सर्वांत आधी ठरते, आणि साठवणीच्या खोलीला जिन्याखालची उरलेली जागा मिळते. तिथे फ्रीझरला आणि हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याला जागा उरत नाही. हा दोष मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे, आणि तो नंतर दुरुस्त करणे फार महागात पडते.

घनकचऱ्यापेक्षा सांडपाण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. थायरॉइडच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला १०० मिलिक्युरी किंवा त्याहून अधिक आयोडीन-१३१ तोंडाने देतात, आणि शरीरात थायरॉइड फारसे उरलेले नसल्याने त्यातला सुमारे ८० टक्के भाग पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणून या रुग्णांना स्वतंत्र खोलीत ठेवतात, आणि त्यांच्या स्वच्छतागृहाचे पाणी गटारात न सोडता ‘डिले टँक’ नावाच्या टाक्यांत घेतात. टाक्या निदान दोन असतात. एक भरत असते तेव्हा दुसरी, आधीच भरलेली, झडपा बंद करून नुसती उभी असते. पहिली भरेपर्यंत दुसरीला क्षयासाठी वेळ मिळतो, मग नमुना तपासून ती रिकामी करतात आणि पाळी बदलते. भारतात गटारात सोडताना आयोडीन-१३१ची महिन्याची सरासरी दर हजार लिटरला ०.६ मिलिक्युरीपेक्षा जास्त असता कामा नये.

एक हिशेब मांडून पाहू. समजा दोन खाटांची खोली आहे, आठवड्याला १०० मिलिक्युरी घेतलेले दोन रुग्ण येतात, प्रत्येकजण तीन दिवस राहतो, आणि टाकी ६,००० लिटरची आहे. दर आठवड्याला टाकीत सुमारे १६० मिलिक्युरी जातात. प्रत्येक रुग्ण रोज १०० लिटर पाणी वापरत असेल तर आठवड्याला ६०० लिटर साठतात आणि टाकी भरायला दहा आठवडे लागतात. भरली तेव्हा तिच्यात एकूण १,६०० मिलिक्युरी नसतात, साधारण ३५० असतात, कारण आधीच्या आठवड्यांचे आयोडीन भरता भरताच क्षीण झालेले असते. यानंतर ७० दिवस ती बंद राहते, तेवढ्यात तीव्रता सव्वाचारशेव्या भागावर येते, आणि अख्ख्या टाकीत ०.८ मिलिक्युरीच्या आसपास उरते. म्हणजे दर हजार लिटरला ०.१४; मर्यादेच्या चौथ्या हिश्श्याहून कमी.

आता याच खोलीत बाकी काही न बदलता, फक्त फ्लश गळका आहे आणि प्रत्येक रुग्णामागे रोज २५० लिटर पाणी टाकीत जाते असे धरू. टाकी चार आठवड्यांत भरते, म्हणून दुसरीलाही चारच आठवडे मिळतात. २८ दिवसांत तीव्रता जेमतेम अकराव्या भागावर येते, आणि टाकी उघडायची वेळ येते तेव्हा तिच्यात जवळपास २९ मिलिक्युरी असतात. दर हजार लिटरला सुमारे ४.८, म्हणजे मर्यादेच्या आठपट. औषध तेवढेच, रुग्ण तेवढेच, टाकीही तीच. फरक एका गळक्या फ्लशचा. पाणी जास्त मिसळले की द्रावण पातळ होऊन धोका कमी होतो असा जो सर्वसाधारण समज आहे, तो इथे पूर्ण उलटा पडतो, कारण जास्तीचे पाणी टाकीतली जागा खाते आणि जागा म्हणजेच वेळ असते. म्हणून या खोल्यांत कमी पाण्याचा फ्लश बसवतात आणि टाकीची पातळी रोज लिहून ठेवतात. पातळीचा आलेख अचानक चढा झाला तर प्लंबरला त्याच दिवशी बोलवावे लागते. एखाद्या रुग्णालयाची दक्षता पाहायची असेल तर मी टाकीच्या भिंतीची जाडी विचारण्याआधी ही रोजची पातळीची वही मागतो.

याच ठिकाणी एक रास्त आक्षेप घेतला जातो. थायरॉइडच्या अतिस्रावासाठी ३० मिलिक्युरीपर्यंतचे आयोडीन घेतलेल्या रुग्णाला त्याच दिवशी घरी पाठवता येते, आणि त्याच्या घरच्या शौचालयाचे पाणी सरळ गटारात जाते. मग रुग्णालयातच एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर प्रमाणात आहे. घरच्या रुग्णांची मात्रा कमी असते, ते शहरभर विखुरलेले असतात, आणि प्रत्येकाचा वाटा घराघरांच्या सांडपाण्यात मिसळतो. रुग्णालयात हजारो मिलिक्युरी वर्षानुवर्षे एकाच नळावाटे बाहेर पडतात, आणि त्या नळाचे चेंबर साफ करायला उतरणारा सफाई कामगार एकच असतो. डिले टँक मुख्यतः त्याच्यासाठी असते. गटारात उतरणाऱ्या माणसाच्या जिवाला आपल्याकडे आधीच किती कमी मोल आहे हे पाहता, हा खटाटोप मला मुळीच जास्त वाटत नाही.

अलीकडे या व्यवस्थेसमोर एक नवी अडचण आली आहे. प्रोस्टेटच्या आणि काही न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या उपचारात ल्युटेशियम-१७७ वापरले जाते. त्याचे अर्धायुष्य सुमारे पावणेसात दिवसांचे, म्हणजे आयोडीनपेक्षाही थोडे कमी, त्यामुळे कागदावर काहीच प्रश्न दिसत नाही. पण अणुभट्टीत ते एका विशिष्ट पद्धतीने तयार केले तर त्यात ल्युटेशियम-१७७एम नावाची अत्यल्प भेसळ येते, आणि तिचे अर्धायुष्य सुमारे १६० दिवसांचे असते. उपचाराच्या दृष्टीने ही भेसळ नगण्य असते. पिशवीत मात्र मुख्य द्रव्य संपल्यावरही ती मागे राहते, आणि दहा आठवड्यांनी शांत व्हायला हवी ती पिशवी वर्षभरानेही मीटरला बोलायला लावते. येथे लेबलवर नुसते ‘ल्युटेशियम’ लिहून भागत नाही. कोणत्या पद्धतीने बनवलेले, हेही लिहावे लागते, आणि फळी वेगळी ठेवावी लागते.

आतापर्यंत जे सांगितले ते सगळे सुट्या, सांडू शकणाऱ्या आणि लवकर विझणाऱ्या द्रव्यांबद्दल होते. उद्योगांतला प्रकार वेगळा. तिथे किरणोत्सर्गी द्रव्य धातूच्या बंद कुपीत सीलबंद असते: पाइपलाइनचे वेल्डिंग तपासणाऱ्या कॅमेऱ्यात इरिडियम-१९२, सिमेंट किंवा कागदाच्या कारखान्यात जाडी आणि पातळी मोजणाऱ्या उपकरणांत सीझियम-१३७, निर्जंतुकीकरणाच्या संयंत्रांत कोबाल्ट-६०. इरिडियमचे अर्धायुष्य ७४ दिवसांचे, कोबाल्टचे सव्वापाच वर्षांचे, सीझियमचे ३० वर्षांचे. कारखान्यात खोली बांधून सीझियम विझण्याची वाट पाहणे शक्य नाही, कारण त्या कारखान्याचे स्वतःचे आयुष्य तितके नसते. म्हणून इथे नियम वेगळा आहे: वापर संपला की स्रोत जिथून आला त्या पुरवठादाराकडे परत जातो, आणि देशातला सर्वांत मोठा पुरवठादार म्हणजे नवी मुंबईत वाशीला असलेले अणुऊर्जा विभागाचे ‘ब्रिट’ हे मंडळ. परत पाठवणे शक्य नसेल तर तो अणुऊर्जा विभागाच्या अधिकृत केंद्राकडे सोपवावा लागतो. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशा कचऱ्यासाठी जमिनीलगतची साठवण आहे. कमी तीव्रतेचा कचरा दाबून, जाळून किंवा सिमेंटमध्ये बसवून काँक्रीटच्या चरांत ठेवतात, त्याहून तीव्र कचरा पोलादी अस्तराच्या खोल विवरांत ठेवतात, आणि सभोवार खोदलेल्या विहिरींतले पाणी नियमित तपासतात. अशा जागांवर साधारण ३०० वर्षे देखरेख धरलेली असते. तो आकडा सीझियमच्या दहा अर्धायुष्यांतून येतो, म्हणजे पिशवीवरच्या तारखेमागचे गणित इथेही तेच आहे.

हा साखळीचा दुवा तुटला की काय होते, हे २०१० साली दिल्लीत मायापुरीला दिसले. दिल्ली विद्यापीठाकडे १९६८ पासून कॅनडातून आणलेले कोबाल्ट-६०चे एक संशोधन-उपकरण होते, आणि १९८५ पासून ते वापरात नव्हते. ज्यांना त्याची माहिती होती ती माणसे निवृत्त झाली असणार. खोलीत उरली ती शिशाने भरलेली एक जड, जुनी वस्तू. २६ फेब्रुवारी २०१० रोजी ती इतर भंगाराबरोबर लिलावात विकली गेली. मायापुरीच्या बाजारात शिशासाठी ती फोडली, आतल्या कोबाल्टचे तुकडे हातोहात गेले, आणि एप्रिलमध्ये भंगाराच्या दुकानांतली माणसे त्वचा जळणे, उलट्या, केस गळणे अशा तक्रारी घेऊन रुग्णालयांत येऊ लागली. एकाचा मृत्यू झाला, आणखी सात जणांना गंभीर इजा झाल्या. १९६८ ते २०१० या ४२ वर्षांत कोबाल्टची आठ अर्धायुष्ये उलटली होती, म्हणजे मूळ तीव्रतेचा अडीचशेवा भागच उरला होता. आयोडीनच्या पिशवीसाठी हा क्षय जवळजवळ पुरेसा ठरला असता. इथे मूळ साठाच इतका मोठा होता की उरलेला अडीचशेवा भागही माणसाचा जीव घ्यायला पुरला. किती थांबलो एवढेच पाहून चालत नाही, कशापासून सुरुवात झाली हेही पाहावे लागते, आणि त्यासाठी मूळ नोंद हाताशी असावी लागते.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की माझे म्हणणे स्पष्ट होईल. वस्तीजवळच्या रुग्णालयात आयोडीनची खोली आणि डिले टँक होण्याला विरोध करणारे लोक ज्या गोष्टीला अडवतात, ती रोज मोजली जाणारी आणि अडीच महिन्यांत विझणारी आहे. त्यांच्या विरोधामुळे खोली झाली नाही तर थायरॉइडच्या कर्करोगाच्या रुग्णाला दुसऱ्या शहरात महिनोन्‌महिने पाळीची वाट पाहावी लागते. त्याच शहरातल्या बंद कारखान्यात मात्र सीझियमचे एखादे मापक यंत्र गंजत पडलेले असू शकते, आणि त्याबद्दल कोणी मोर्चा काढत नाही. नागरिकांनी प्रश्न विचारावेत, जरूर विचारावेत. पण रुग्णालयाला विचारावे ते टाकीच्या पातळीच्या वहीबद्दल आणि मोजणीच्या नोंदींबद्दल, आणि उद्योगांना व विद्यापीठांना विचारावे ते वापरात नसलेल्या स्रोतांच्या यादीबद्दल.

नियमांनुसार स्रोत घेतानाच तो परत करण्याची हमी द्यावी लागते, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाकडे परवान्यांची संगणकीय नोंदही असते. तरीही हमी हा कागद आहे. वीस-पंचवीस वर्षांनी कारखाना दिवाळखोरीत गेला, परदेशी पुरवठादार बंद झाला, तर परतीची वाहतूक आणि खास पेटी यांचा खर्च कोणी करायचा, हे त्या कागदाने सुटत नाही. आणि पैसे नसलेला मालक तो खर्च टाळण्यासाठी स्रोत कोपऱ्यात सरकवून ठेवतो. म्हणून स्रोत विकत घेतानाच परतीच्या खर्चाइतकी रक्कम नियामकाकडे अनामत भरायला लावावी, आणि स्रोत परत पोचल्याची पावती दाखवल्यावरच ती सोडावी. दिवाळखोरीच्या प्रकरणात कारखान्याची मालमत्ता लिलावात काढण्यापूर्वी तिथे परवान्यातला एखादा स्रोत आहे का हे तपासून तसा दाखला घेणे लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्यावर बंधनकारक करावे. आणि भंगाराच्या मोठ्या बाजारांच्या वजनकाट्यावर विकिरण ओळखणारे दरवाजे बसवावेत. मायापुरीत शिशाने झाकलेले उपकरण असे दरवाजेही कदाचित पकडू शकले नसते, कारण शिसे किरण अडवते. पण ते फोडल्यानंतर पुढे निघालेले तुकडे पहिल्याच काट्यावर सापडले असते.